तीन कल्याणव्यवस्था आणि एका बाईची पेन्शन

प्रश्न: "सामाजिक धोरणाच्या पेपरसाठी पेन्शन धोरणावर निबंध लिहितेय. उदारमतवादी, पुराणमतवादी आणि सामाजिक लोकशाहीवादी या तिन्ही कल्याणव्यवस्थांची तुलना करायची आहे. ब्रिटन, जर्मनी, स्वीडन घेतले आणि प्रत्येकावर दोन-दोन पानं लिहिली. सर म्हणाले, 'माहिती भरपूर आहे, पण तुलना कुठंय?' ती नेमकी करतात कशी?"

तुमच्या निबंधाचा शेवट मी न वाचता सांगू शकतो. स्वीडनची पेन्शन सढळ, ब्रिटनची कंजूष, जर्मनीची मधली, असंच काहीसं वाक्य असणार. दरवर्षी येणाऱ्या दहातल्या आठ निबंधांत ते असतं. देशवार पानं लिहिली की दुसरं काही हाताला लागतच नाही, कारण मग कोण जास्त देतं एवढाच प्रश्न उरतो. अडचण अशी की पेन्शनपुरतं पाहिलं तर हे वाक्य चुकीचं आहे, आणि ज्याच्या वर्गीकरणावर तुम्ही निबंध उभा करताय त्याचेच आकडे ते चुकीचं ठरवतात.

यस्टा एस्पिंग-अँडरसन या समाजशास्त्रज्ञाने 1990 मध्ये हे तीन प्रकार मांडले तेव्हा 1980 च्या सुमाराची 18 देशांची आकडेवारी घेतली होती. पेन्शनसाठी त्याने एक निर्देशांक बांधला. किमान पेन्शन आणि नेहमीच्या कामगाराची पेन्शन पगाराच्या किती टक्के पडते, त्यासाठी किती वर्षं वर्गणी भरावी लागते, खर्चाचा किती वाटा कामगाराच्या खिशातून जातो आणि म्हाताऱ्यांपैकी किती जणांना पेन्शन खरोखर मिळते, हे सगळं त्यात एकत्र केलं. म्हणजे थोडक्यात, बाजारात श्रम न विकता माणूस किती जगू शकतो याचं ते माप. या मापावर स्वीडनला 17 गुण आहेत. जर्मनीला 8.5. आणि ब्रिटनलाही 8.5.

मग जर्मनी आणि ब्रिटन वेगळ्या खान्यांत का? कारण वर्गीकरणाला हा एकच पाय नाही. दुसरा पाय म्हणजे पेन्शनमुळे समाजातल्या पायऱ्या पुसल्या जातात, तशाच राहतात की नव्या पडतात. तिसरा म्हणजे म्हातारपणाचा भार राज्य, बाजार आणि कुटुंब यांच्यात कसा वाटला जातो. विद्यार्थी पहिला पाय धरतात कारण तिथे आकडे असतात, आणि बाकीचे दोन प्रस्तावनेत उल्लेखून सोडून देतात. तुमची तुलना त्या दोन पायांवर उभी करायची आहे.

त्यासाठी मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. एकच माणूस घ्या, त्याला तिन्ही देशांच्या नियमांतून नेऊन बघा. आणि सरळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं पूर्णवेळ नोकरी केलेला पुरुष घेऊ नका. त्याला तिन्ही देशांत बऱ्यापैकी पेन्शन मिळते आणि व्यवस्थांचा स्वभाव दिसत नाही. ज्याच्या आयुष्यात खंड पडला आहे असा माणूस घ्या. व्यवस्थेची ओळख ती खंड कशाने भरते यावरून पटते.

समजा एक बाई आहे. वयाच्या 22 ते 30 या काळात तिने देशातल्या सरासरी पगारावर पूर्णवेळ काम केलं. 30 व्या आणि 33 व्या वर्षी दोन मुलं झाली. 37 पर्यंत ती घरी होती. पुढची 30 वर्षं, म्हणजे 67 पर्यंत, तिने सरासरीच्या निम्म्या पगारावर अर्धवेळ नोकरी केली. शेजारी तुलनेला तिची मैत्रीण ठेवा, जिने 22 ते 67 अशी 45 वर्षं सरासरी पगारावर खंड न पडता काम केलं.

जर्मनीपासून सुरू करू, कारण तिथला हिशेब सगळ्यात स्वच्छ आहे. एका वर्षात तुम्ही देशाच्या सरासरीइतकं कमावलंत तर एक गुण मिळतो, निम्मं कमावलंत तर अर्धा. निवृत्तीच्या वेळी गुणांची बेरीज गुणिले त्या वर्षीचा दर, की महिन्याची पेन्शन आली. जुलै 2025 मध्ये हा दर एका गुणाला 40.79 युरो झाला, हिशेबाला तोच धरू. मैत्रिणीचे 45 गुण, म्हणजे महिना सुमारे 1,836 युरो, कर आणि आरोग्य विमा कापण्याआधी. आपल्या बाईचे पहिल्या आठ वर्षांचे 8 आणि अर्धवेळ तीस वर्षांचे 15 गुण. शिवाय 1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे पहिल्या तीन वर्षांसाठी 3 गुण मिळतात, जणू ती आई त्या काळात सरासरी पगारावर कामाला होती. दोन मुलांचे 6. एकूण 29 गुण, 1,183 युरो. मैत्रिणीच्या 64 टक्के. (मुलं दहा वर्षांची होईपर्यंत अर्धवेळ काम करणाऱ्या आईच्या गुणांत थोडी भर पडते. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून मी ती सोडली आहे. निबंधात तळटीपेत सांगा.)

आता तीच बाई स्वीडनमध्ये. 1998 च्या कायद्यानंतर तिथे प्रत्येकाच्या नावावर उत्पन्नाच्या 18.5 टक्के जमा होतात. त्यातले 16 टक्के कागदोपत्री खात्यात जातात. पैसे प्रत्यक्षात आजच्या पेन्शनरांना दिले जातात, पण नोंद तुमच्या नावे राहते आणि देशातल्या सरासरी उत्पन्नाच्या वाढीबरोबर वाढते. उरलेले 2.5 टक्के खरोखर फंडात गुंतवले जातात. मूल चार वर्षांचं होईपर्यंत आईच्या (किंवा बापाच्या) नावावर सरकार वर्गणी भरतं. ती मोजण्याचे तीन पर्याय आहेत आणि ज्यात जास्त पडेल तो लागू होतो. त्यातला एक म्हणजे सरासरी उत्पन्नाच्या 75 टक्क्यांवर. आपण हात राखून सातही वर्षं या 75 टक्क्यांवर धरू. मग जर्मन पद्धतीच्या भाषेत तिचे 8 अधिक 5.25 अधिक 15, म्हणजे 28.25 गुण. मैत्रिणीच्या सुमारे 63 टक्के.

इथे थांबा. जर्मनीत 64, स्वीडनमध्ये 63. माझा हिशेब ढोबळ आहे, फंडाचा भाग वेगळा वागेल, सरकारी भर थोडी जास्तही पडेल. पण पुराणमतवादी आणि सामाजिक लोकशाहीवादी व्यवस्थांच्या आदर्श नमुन्यांत, कमाईवर बांधलेल्या पेन्शनच्या सूत्रात, जवळजवळ काहीच फरक नाही. हे वाक्य निबंधात आलं की परीक्षक सावरून बसेल.

तिसरा देश आणखी गोंधळात टाकतो. ब्रिटनमध्ये एप्रिल 2016 पासून लागू झालेली नवी सरकारी पेन्शन सपाट आहे. 35 पात्र वर्षं भरली की सगळ्यांना सारखी रक्कम, 2025-26 साठी आठवड्याला 230.25 पौंड. दहा वर्षांपेक्षा कमी असतील तर काहीच नाही. निम्म्या पगाराची नोकरी वर्ष पात्र ठरायला पुरेशी असते, आणि मूल बारा वर्षांचं होईपर्यंत चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता घेणाऱ्या पालकाला वर्गणी न भरताही वर्षाचं श्रेय मिळतं. आपल्या बाईची 8 अधिक 7 अधिक 30 अशी 45 वर्षं होतात. तिला पूर्ण पेन्शन मिळते. मैत्रिणीला मिळते तेवढीच, 100 टक्के.

म्हणजे खंड पडलेल्या बाईशी सरकारी पेन्शनमध्ये सगळ्यात समतेने वागणारा देश कोणता, तर उदारमतवादी ब्रिटन. नुसत्या सरकारी पेन्शनचा कायदा वाचून व्यवस्था ओळखायची ठरवली तर तुम्ही ब्रिटनला सामाजिक लोकशाहीवादी म्हणून बसाल. खरा फरक या कायद्याच्या बाहेर तीन ठिकाणी आहे, आणि निबंधाची मधली पानं तिथे खर्च करायची.

पहिली जागा म्हणजे सरकारी पेन्शनच्या वरचा दुसरा थर. ब्रिटनची सपाट पेन्शन महिना हजार पौंडांच्या आसपास जाते. जगण्यापुरती, आधीचं राहणीमान टिकवण्यापुरती नाही. राहणीमान ज्याचं त्याने बाजारातून विकत घ्यायचं ही त्यामागची धारणा. 2012 पासून मालकाने कामगाराला आपोआप पेन्शन योजनेत घालायचं असतं. नको असेल तर कामगाराने बाहेर पडावं. किमान वर्गणी 8 टक्के, पण ती सगळ्या पगारावर नाही, 6,240 ते 50,270 पौंडांच्या मधल्या पगारावर. हा एक खालचा आकडा काय करतो ते बघा. हिशेबासाठी सरासरी पगार वर्षाला 36,000 पौंड धरू. मैत्रिणीच्या खात्यात वर्षाला सुमारे 2,381 पौंड जातील. आपल्या बाईचा अर्धवेळ पगार 18,000, पण तिच्या खात्यात जातील 941. पगार निम्मा, वर्गणी चाळीस टक्क्यांवर. घरी असलेल्या सात वर्षांत शून्य, तिथे कोणी श्रेय देत नाही. सगळी वर्षं धरली तर मैत्रिणीची वर्गणी सुमारे 1,07,000 पौंड आणि हिची 47,000, परतावा धरण्याआधी. 44 टक्के. शिवाय तिने 18,000 ची एक नोकरी न करता नऊ-नऊ हजारांच्या दोन केल्या असत्या, तर दोन्हीकडे पगार 10,000 च्या खाली असल्याने मालकाने तिला आपोआप योजनेत घातलंच नसतं. स्वतः मागून घ्यावं लागलं असतं.

जमलेल्या पैशांचं पुढे काय करायचं हेही तिचं तिनेच ठरवायचं. 2015 पासून त्यातून वार्षिकी, म्हणजे मरेपर्यंत ठरलेली रक्कम देणारा करार, घेण्याची सक्ती उरलेली नाही. पैसे लवकर संपले तर खाली सपाट पेन्शन आणि तिच्याही खाली उत्पन्न तपासून मिळणारं पेन्शन क्रेडिट. एकट्या माणसासाठी त्याची हमी 2025-26 मध्ये आठवड्याला 227.10 पौंड होती. सपाट पेन्शन तिच्या जेमतेम वर. हा योगायोग नाही. 2016 ची रचना करतानाच पूर्ण पेन्शन या तपासणीच्या रेषेच्या किंचित वर ठेवायची असं ठरलं होतं. सरकारी पेन्शनचं उद्दिष्ट गरिबी टाळणं एवढंच आहे हे सिद्ध करायला हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे.

दुसरी जागा म्हणजे कुटुंब. जर्मन बाईच्या 1,183 युरोंवर जर्मन धोरणकर्ते पूर्वापार फार अस्वस्थ नव्हते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ती एकटी नव्हतीच. तिचा नवरा धरलेला होता. नवरा गेला की त्याच्या पेन्शनच्या 55 टक्के विधवा पेन्शन मिळते, तिचं स्वतःचं उत्पन्न एका मर्यादेपलीकडे असेल तर काही कापून. पती-पत्नींच्या उत्पन्नाची बेरीज निम्मी करून कर लावण्याची तिथली पद्धत अशी आहे की कमी कमावणाऱ्या जोडीदाराने जास्त तास काम केलं की कर लगेच बोचतो. त्यामुळे ती अर्धवेळ नोकरी निव्वळ तिची निवड राहत नाही. अगदी तळाला 2003 पासून वृद्धांसाठी किमान मदत आहे, पण तिथेही नवऱ्याचं उत्पन्न मोजलं जातं, आणि मुलांपैकी कोणी वर्षाला एक लाख युरोंपेक्षा जास्त कमावत असेल तर त्याच्याकडे बोट दाखवलं जातं.

स्वीडनने 1990 पासून नव्यांसाठी विधवा पेन्शन बंद केली. नवरा-बायकोचा कर तर 1971 पासूनच वेगळा आहे. बाई स्वतः कमावणार, स्वतःच्या नावावर जमवणार, आणि मूल सांभाळायला पाळणाघर सरकार चालवणार, असं गृहीत आहे. त्यामुळे आपण घेतलेली बाई स्वीडनमध्ये बसते खरी, पण ती तिथली नेहमीची बाई नाही. सात वर्षं घरी आणि मग तीस वर्षं अर्धवेळ हे आयुष्य घडू नये यासाठी तिथला बराच पैसा पेन्शनच्या वयाच्या फार आधी खर्च झालेला असतो. सूत्र जर्मनीसारखं, पण सूत्रात जाणारं आयुष्य वेगळं. 1990 च्या मूळ मांडणीत हा कुटुंबाचा भाग पातळच होता. जेन लुईस आणि अ‍ॅन ऑर्लोफ या स्त्रीवादी अभ्यासकांनी पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यावर बोट ठेवलं. त्यांचा उल्लेख टीका म्हणून शेवटी चिकटवू नका. तुमच्या तुलनेत ही टीका काम करते, तिला मध्यभागी आणा.

तिसरी जागा म्हणजे तळ कोणत्या हक्काने मिळतो. स्वीडनची हमी पेन्शन ज्याची कमाईवरची पेन्शन कमी आहे त्याला मिळते. तिच्यासाठी नोकरीची वर्षं लागत नाहीत, देशात राहिल्याची लागतात. 40 वर्षं राहिलात तर पूर्ण, कमी असेल तर त्या प्रमाणात. ती ठरवताना सरकारी पेन्शन तेवढी बघतात. बँकेतली शिल्लक, मालकाकडून येणारी पेन्शन किंवा नवऱ्याची कमाई तपासत नाहीत. (घरभाड्याची वेगळी मदत आहे, ती मात्र तपासून देतात. स्वीडनमध्ये तपासणी नाहीच असं लिहू नका.) जर्मनीनेही 2021 मध्ये कमी कमाईवाल्यांसाठी पेन्शनमध्ये भर घालायला सुरुवात केली. पण ती मिळते कोणाला, तर किमान 33 वर्षं वर्गणी, मुलांचं संगोपन किंवा शुश्रूषा यांत घालवलेल्यांना. आपली बाई बहुधा त्यात बसेल, नवऱ्याचं उत्पन्न आड आलं नाही तर. गरिबांना मदत करतानाही जर्मनी आधी विम्याची वर्षं मोजते. बिस्मार्कच्या 1889 च्या कायद्यापासून चालत आलेला हा स्वभाव एका नव्या कलमातही किती घट्ट आहे ते इथे दाखवता येईल.

पायऱ्यांचा मुद्दाही इथेच घ्या. आपली बाई जर्मनीत कायमस्वरूपी सरकारी सेवेतली शिक्षिका असती तर हे गुणांचं गणित तिला लागूच झालं नसतं. सरकारी सेवकांची व्यवस्था वेगळी, 40 वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या पगाराच्या 71.75 टक्के, आणि पेन्शनसाठी पगारातून वेगळी वर्गणी नाही. डॉक्टर, वकील यांचे आपापल्या व्यावसायिक मंडळाचे फंड, शेतकऱ्यांचं वेगळं, खाणकामगारांचं वेगळं. धंद्यागणिक वेगळ्या योजना किती आणि सरकारी नोकरांच्या पेन्शनवर खर्च किती, हीच एस्पिंग-अँडरसनची पुराणमतवादी व्यवस्था ओळखण्याची खूण होती. उदारमतवादी व्यवस्थेची खूण म्हणजे गरज तपासून दिलेल्या मदतीचा आणि खासगी पेन्शनचा वाटा. सामाजिक लोकशाहीवादी व्यवस्थेची, किती लोक एकाच योजनेत आहेत आणि त्यातलं अंतर किती.

एवढं झालं की निबंधाला 'का' लागतो. इथे बरेच जण प्रोटेस्टंट-कॅथलिक, औद्योगिकीकरण असं सगळं एकदम मांडतात. मी एकच धागा धरायला सांगेन. मध्यमवर्गाने आपली पेन्शन कुठे ठेवली?

1940 च्या दशकाअखेर ब्रिटन आणि स्वीडन एकमेकांसारखेच होते. ब्रिटनमध्ये 1946 च्या कायद्याने सगळ्यांसाठी सपाट वर्गणीवर सपाट पेन्शन, स्वीडनमध्ये 1948 पासून सगळ्यांसाठी सपाट लोकपेन्शन. दोन्हीकडे तीच अडचण आली. कारकून, अभियंते, अधिकारी यांना सपाट रक्कम पुरत नव्हती. स्वीडनच्या सामाजिक लोकशाही पक्षाने ठरवलं की कमाईवरची दुसरी पेन्शनही सरकारीच आणि सक्तीची असेल. त्यावर 1957 मध्ये तीन पर्यायांचं सार्वमत झालं, सरकार कोसळलं, 1958 मध्ये मध्यावधी निवडणूक झाली, आणि 1959 मध्ये विधेयक 115 विरुद्ध 114 असं एका मताने निघालं, तेही लिबरल पक्षाचे तूरे केनिगसन तटस्थ राहिले म्हणून. योजना मध्यमवर्गाला सोयीची बेतली होती. पूर्ण पेन्शनला 30 वर्षं पुरेशी, आणि हिशेब सर्वांत चांगल्या 15 वर्षांच्या कमाईवर. कष्टकऱ्यापेक्षा उशिरा नोकरीला लागून पगार चढत जाणाऱ्या अधिकाऱ्याला ते फायद्याचं होतं. थोडा अन्याय पत्करून त्यांनी मध्यमवर्ग सरकारी योजनेत आणला, आणि पुढे ती योजना मोडायला कोणी धजावेना.

ब्रिटनमध्ये तोच प्रश्न लांबत गेला. 1961 मध्ये आलेली कमाईवरची भर नाममात्र होती. 1978 मध्ये खरीखुरी दुसरी सरकारी पेन्शन आली तोवर जवळपास निम्मे नोकरदार मालकांच्या योजनांत शिरले होते, आणि त्यांना सरकारी योजनेतून बाहेर राहण्याची मुभाही दिली गेली. सरकारी पेन्शन ही गरिबांची गोष्ट झाली. म्हणूनच थॅचर सरकारने 1980 मध्ये तिची वाढ पगारांपासून तोडून नुसत्या महागाईला जोडली तेव्हा ओरडणारा वर्ग दुबळा होता. 1986 च्या कायद्याने दुसरी पेन्शन कापली आणि 1988 पासून खासगी वैयक्तिक पेन्शन विकायला मोकळीक दिली. मालकाच्या चांगल्या योजना सोडायला लावून लोकांना असल्या पेन्शन गळ्यात मारल्याचा घोटाळा पुढे वर्षानुवर्षं निस्तरावा लागला. जर्मनीत चान्सलर आडेनाउअरने 1957 मध्ये पेन्शन पगारवाढीला जोडून मध्यमवर्ग विम्याच्या आतच ठेवला, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पायरीवर. आजचं ब्रिटनचं आपोआप नोंदणीचं धोरण हे त्या 1959 च्या न झालेल्या निर्णयाचं उशिरा आलेलं, बाजाराच्या वाटेचं उत्तर आहे, असं माझं मत. तुम्हाला पटलं तर वापरा, नाही तर खोडा. पण असं काही तरी ठाम विधान निबंधात हवं.

यावर हमखास येणारी हरकत अशी की आता तिन्ही देश एकसारखे झालेत. सगळीकडे सरकारी थर, मालकाचा थर, गुंतवणुकीचा थर. वरवर खरं आहे. पण खासगी गुंतवणूक आणताना प्रत्येकाने ती कुठे ठेवली ते पाहा. स्वीडनने ती सक्तीच्या सरकारी योजनेच्या आत ठेवली आणि ज्याने फंड निवडला नाही त्याचे पैसे सरकारीच फंडात जातील अशी सोय केली. जर्मनीने 2001 मध्ये कामगारमंत्री रीस्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी ऐच्छिक पेन्शन आणली, सरकारी अनुदान आणि मुलांमागे जादा भत्ता देऊन. पण ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती त्यातले बरेच आलेच नाहीत आणि वाढ थांबली. ब्रिटनने माणसाच्या आळसावर भिस्त ठेवली, आत घालून ठेवा, बाहेर पडायचे कष्ट कोण घेतो! साधन सारखं, पण सक्ती, अनुदान आणि आळस या तीन वेगळ्या वाटा, आणि प्रत्येक वाट जुन्या व्यवस्थेतूनच निघालेली. उलट दिशेचा पुरावाही लपवू नका. स्वीडनमध्ये 'सर्वांत चांगली 15 वर्षं' जाऊन आयुष्यभराची वर्गणी आली, देणी जमेपेक्षा जड झाली तर पेन्शन आपोआप कापणारी यंत्रणा आली, आणि 2010 मध्ये ती खरोखर चालली. 1980 चे 17 गुण आजच्या स्वीडनला लावता येत नाहीत.

एक सापळा मात्र मोठा आहे आणि चांगले विद्यार्थीही त्यात सापडतात. 'ब्रिटन उदारमतवादी आहे म्हणून तिथे तपासणी करून मदत देतात.' पण ब्रिटनला उदारमतवादी म्हटलं ते तपासणी करून मदत देतात म्हणूनच. कारण आणि लक्षण एकच झाले, विधान स्वतःभोवतीच फिरलं. मसुद्यात 'उदारमतवादी असल्यामुळे' अशी वाक्यं शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याऐवजी एखादा निर्णय, साल आणि कोणाचं हित होतं ते घाला. जमत नसेल तर ते वाक्य काढून टाका. आणि डेन्मार्क, नेदरलँड्स यांच्यासाठी अर्धं पान ठेवा. डेन्मार्क सामाजिक लोकशाहीवादी गणला जातो, पण त्याच्या पेन्शनचा मोठा भाग कामगार संघटना आणि मालक यांच्या करारांतून आलेल्या फंडांत आहे. नेदरलँड्समध्ये देशात राहिल्याच्या प्रत्येक वर्षामागे सपाट पेन्शनचे 2 टक्के, पन्नास वर्षांत पूर्ण, आणि वर धंद्यानुसार फंड. एका देशात दोन स्वभाव. खाने गळतात हे तुम्हीच सांगितलंत तर परीक्षकाला सांगावं लागत नाही.

भारताचा परिच्छेद जोडायचा मोह होईल, कदाचित सरही विचारतील. ही तिन्ही लेबलं श्रीमंत औद्योगिक देशांच्या पगारदार कामगारांवरून घडली आहेत. बहुतेक लोक पगारपत्रकाबाहेर असलेल्या देशाला ती चिकटवू नका. प्रश्न मात्र वापरता येतात. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्याच राज्यात श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना त्या वर्षापासून महिना 1,500 रुपये मिळतात, तेही उत्पन्नाची अट तपासून. पायऱ्या किती, आणि तळ कोणत्या हक्काने, हे दोन प्रश्न तिथे लावून दोन-चार वाक्यांत संपवा.

पानांची वाटणी करायची तर देशवार सहा पानं मोडा. पहिलं पान वर्गीकरणाच्या तीन पायांना आणि 17, 8.5, 8.5 या आकड्यांना. पुढची दोन त्या बाईला आणि तिच्या मैत्रिणीला. मग दुसरा थर, कुटुंब आणि तळ यांना मिळून दीड, मध्यमवर्गाच्या धाग्याला एक, आणि अर्धं पान अपवादांना. हिशेब तक्त्यात द्या, मजकुरात निष्कर्ष. आणि प्रत्येक आकड्याशेजारी साल घाला, कारण ब्रिटनचे दर एप्रिलमध्ये बदलतात, जर्मनीचा जुलैमध्ये आणि स्वीडनचे जानेवारीत. तीन देशांचे तीन वेगळ्या वर्षांचे आकडे एका तक्त्यात आलेले मी इतके पाहिलेत की आता आधी तोच रकाना तपासतो.